०.३० वरून २.३३ कसे आले: हायड्रॉलिक जंपच्या एका स्लाइडच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै, सांगली

हायड्रॉलिक्सच्या स्लाइड्समधली सोडवलेली उदाहरणं पुरी करून डिप्लोमाच्या मुलांच्या हातात द्यायची, हे या सत्राचं काम. सुरुवात सांडव्याखालच्या हायड्रॉलिक जंपच्या उदाहरणापासून करते आहे. मुलं सर्वांत जास्त अडतात ती इथेच.

सांडव्यावरून उतरलेलं पाणी पायथ्याशी पातळ थरात, प्रचंड वेगाने धावत येतं. पुढे पात्रातलं पाणी संथ आणि खोल असतं. दोन्हींची गाठ पडते तिथे पाणी एकदम उसळून वर चढतं, घुसळतं, पांढरं होतं आणि मग शांत वाहू लागतं. ही जंप. तिच्यात पाण्याची बरीच ऊर्जा खर्ची पडते, म्हणून ती काँक्रीटच्या ॲप्रनवरच घडावी अशी रचना करतात.

स्लाइडवर आहे ते एवढंच:

```
Q = 30 m³/s,  b = 10 m,  E1 = 5.40 m
y1 = 0.30 m
v1 = 10 m/s,  Fr1 = 5.83
y2 = 2.33 m
ΔE = 2.98 m
P  = 878 kW
```

Q म्हणजे एकूण प्रवाह, b पात्राची रुंदी. y1 म्हणजे जंपच्या आधीची खोली, y2 नंतरची. v1 हा जंपच्या आधीचा वेग आणि Fr1 ही तिथली फ्रूड संख्या, म्हणजे वेग भागिले √(g·खोली). E1 म्हणजे ॲप्रनच्या तळापासून मोजलेली पाण्याची ऊर्जा, मीटरमध्ये. ΔE ही जंपमध्ये गेलेली ऊर्जा, P ही त्यातून खर्ची पडणारी शक्ती. आकडे सगळे बरोबर आहेत, ते आधी तपासून घेतले. पण प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये काहीतरी गाळलं आहे, आणि ते सगळीकडे सारखं नाही. v1 काढणं म्हणजे नुसता भागाकार: ३० ला १० ने भागलं की दर मीटर रुंदीला ३ घनमीटर प्रति सेकंद, त्याला ०.३० ने भागलं की १० मीटर प्रति सेकंद. पहिल्या ओळीवरून दुसरीवर येताना मात्र एक घन समीकरण लपलं आहे. चौथ्या ओळीच्या आधी भौतिकशास्त्राचा नियमच बदलला आहे, आणि ते स्लाइडवर कुठेही म्हटलेलं नाही.

९ जुलै

पहिली गाळलेली जागा: ५.४० वरून ०.३०.

ऊर्जेचं समीकरण सगळ्यांना येतं. खोली अधिक वेगाचा वर्ग भागिले 2g. वेगाच्या जागी q/y घातलं, दर मीटर रुंदीचा प्रवाह q = 3 आणि g = 9.81 धरलं की:

```
y + q²/(2g·y²) = E
y + 0.4587/y² = 5.40
y³ − 5.40·y² + 0.4587 = 0
```

घन समीकरण, म्हणजे उत्तरं तीन: ०.३०, ५.३८ आणि उणे ०.२८. उणे खोली नसते, ती गेली. उरलेली दोन्ही खरी आहेत. त्याच ऊर्जेचं, तेवढंच पाणी ०.३० मीटर खोलीने धावू शकतं किंवा ५.३८ मीटर खोलीने रेंगाळू शकतं. सांडव्याच्या पायथ्याशी पाणी धावत येतं हे डोळ्यांना दिसतं, म्हणून आपण ०.३० घेतो. म्हणजे ही निवड समीकरणाने केलेली नाही, जागेकडे पाहून माणसाने केलेली आहे. टिपणात हे वाक्य मी ठळक लिहिलं.

घन समीकरण हाताने सोडवायला मुलं घाबरतात, त्याची गरजही नाही. धावत्या पाण्यात जवळजवळ सगळी ऊर्जा वेगात असते, म्हणून खोली आधी शून्य धरून वेग काढायचा आणि पुन्हा पुन्हा सुधारत जायचं:

```
y = q / √(2g(E − y))
y = 0       →  0.2915
y = 0.2915  →  0.2997
y = 0.2997  →  0.2999
```

तीन फेऱ्यांत उत्तर बसतं. स्लाइडवर ०.३० लिहिलं आहे आणि पुढचं सगळं गणित त्या गोल केलेल्या ०.३० वरच चाललं आहे. हे लक्षात ठेवायला हवं, शेवटच्या ओळीचे आकडे जुळवताना लागेल.

११ जुलै

आज y2 ची जागा. ही सगळ्यात रुंद फट आहे.

कागदावर काही लिहिण्याआधी तिसऱ्या सत्राच्या मुलांना स्लाइड दाखवली आणि विचारलं, २.३३ कुठून आलं असेल? बहुतेकांचं उत्तर एकच: "मॅडम, एनर्जी इक्वेशन लावायचं, पुढे आणि मागे." वर y1 ऊर्जेतून आलेला दिसतोय, मग खालचाही तिथूनच आला असणार, असा त्यांचा सरळ तर्क. ऊर्जेचं समीकरण लावलं की ५.३८ येतं. उत्तर २.३३ आहे. मग पोरं स्लाइडवरचं उत्तर खरं मानून वहीत २.३३ उतरवतात आणि मधे कुठलं तरी सूत्र घालतात.

या प्रश्नावर अडखळणाऱ्यांत मोठी माणसं आहेत. ज्या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने y2 चं समीकरण ओळखलं जातं त्या बेलांजे यांनीही १८२८ च्या मांडणीत ऊर्जेचाच आधार घेतला होता. संवेगाकडे ते नंतर वळले. मुलांना हे सांगितलं, आणि त्यांचा तर्क वाईट नाही हेही सांगितलं. त्यांच्यापुढे पुरेशी माहितीच ठेवलेली नव्हती.

ऊर्जा का चालत नाही? जंपच्या आत पाणी घुसळतं आणि त्यात किती ऊर्जा गेली हे आपल्याला आधी ठाऊक नसतं. तेच तर शोधायचं आहे. "आधीची ऊर्जा = नंतरची ऊर्जा + गेलेली ऊर्जा" या समीकरणात y2 आणि ΔE अशी दोन अज्ञातं आहेत. गेलेली ऊर्जा शून्य धरली तर समीकरण सुटतं, पण मग ती जंपच राहत नाही.

संवेगाचं तसं नाही. घुसळणीत पाणी पाण्यालाच ढकलतं. ते आतले रेटे एकमेकांना खोडतात, कितीही धुमाकूळ असला तरी. जंपच्या आधी एक आणि नंतर एक उभा छेद कल्पिला, तळ आडवा आणि तळाचं घर्षण नगण्य धरलं, तर प्रवाहाच्या दिशेने बाहेरून फक्त दोनच रेटे उरतात, दोन्ही टोकांवरचा पाण्याचा दाब. त्या दोन रेट्यांतला फरक म्हणजे संवेगातला बदल. आत काय चाललं आहे हे न कळताही समीकरण पुरं होतं. स्लाइडवर नेमकी हीच ओळ हवी होती, ρ ही पाण्याची घनता आणि γ हे दर घनमीटरचं वजन:

```
γ·y1²/2 − γ·y2²/2 = ρ·q·(v2 − v1)
```

१२ जुलै

कालच्या समीकरणावरून सूत्रापर्यंतचा प्रवास पुरा लिहिला. एकही पायरी न गाळता:

```
v1 = q/y1,  v2 = q/y2,  γ = ρg

(g/2)(y1² − y2²) = q²(1/y2 − 1/y1)

(g/2)(y1 − y2)(y1 + y2) = q²(y1 − y2)/(y1·y2)
```

इथे थांबायचं. दोन्ही बाजूंना (y1 − y2) आहे. पाठ्यपुस्तकांत तो एका झटक्यात कापतात. पण तो कापताना आपण एक उत्तर फेकून देतो: y2 = y1. हे उत्तर खोटं नाही. पाणी आलं तसंच पुढे गेलं, जंप झालीच नाही, असा त्याचा अर्थ, आणि त्यात संवेग व्यवस्थित राखला जातो. आपल्याला जंप झालेली स्थिती हवी आहे, म्हणून y1 आणि y2 वेगळे आहेत, म्हणून भागण्याची परवानगी आहे. त्या क्रमानेच लिहायला हवं: आधी कारण, मग भागाकार.

```
y1·y2·(y1 + y2) = 2q²/g
```

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत कामाचं समीकरण हेच. ते y1 आणि y2 ला अगदी समान वागवतं, अदलाबदल केली तरी तेच राहतं. आकडे घालून बघायलाही सोपं: ०.३० गुणिले २.३२८ गुणिले २.६२८ म्हणजे १.८३५, आणि १८ भागिले ९.८१ म्हणजेही १.८३५. स्लाइडवरचा y2 बरोबर आहे का हे दहा सेकंदांत कळतं.

आता दोन्ही बाजूंना y1³ ने भागायचं आणि y2/y1 ला r म्हणायचं. उजवीकडे 2q²/(g·y1³) होतं. q = v1·y1 असल्याने ते 2v1²/(g·y1), म्हणजेच फ्रूड संख्येच्या वर्गाची दुप्पट:

```
r(1 + r) = 2·Fr1²
r² + r − 2·Fr1² = 0
r = (−1 ± √(1 + 8·Fr1²)) / 2
```

मुलांना कायम पडणारा प्रश्न असतो की मुळाच्या आतला 8 कुठून आला. वर्गसमीकरणाच्या सूत्रातल्या b² − 4ac मध्ये c च्या जागी −2Fr1² आहे, चार दुणे आठ. एवढंच आहे, पण ही ओळ गाळली की तो 8 जादूचा वाटतो आणि पाठ करावा लागतो.

```
Fr1² = 10²/(9.81 × 0.30) = 33.98
√(1 + 8 × 33.98) = 16.518
r = (16.518 − 1)/2 = 7.759
y2 = 7.759 × 0.30 = 2.328 m
```

उणे चिन्ह घेतलं तर r = −८.७५९. दोन्ही r ची बेरीज −१ यायला हवी, कारण समीकरणात r चा सहगुणक १ आहे. ७.७५९ उणे ८.७५९, बरोबर −१. वहीत दोन्ही मुळं लिहायला लावणार आहे. बेरजेची ही तपासणी फुकटात मिळते.

१५ जुलै

एका मुलाने ५.३८ सोडलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही समीकरणं खरी आहेत, मग तुमचं का घ्यायचं?" चांगला प्रश्न. म्हणून दोन्ही उत्तरं घेऊन बलांचा हिशोब मांडायला लावला, दर मीटर रुंदीला, किलोन्यूटनमध्ये.

y2 = २.३२८ घेतलं तर दोन टोकांवरच्या दाबांतला फरक येतो २६.१३, आणि संवेगातला बदल, म्हणजे ३ गुणिले (१० − १.२८९), तोही २६.१३. दोन्ही बाजू जुळल्या.

y2 = ५.३८ घेतलं तर दाबांतला फरक येतो सुमारे १४२ आणि संवेगातला बदल फक्त २८. पाण्याला मागे ढकलणारा रेटा संवेग थोपवायला लागतो त्याच्या पाचपट. एवढ्या खोलीचं पाणी पुढे उभं असेल तर जंप तिथे टिकणारच नाही, मागे सरकत सांडव्याच्या पायथ्यावर चढेल आणि पाण्यात बुडून जाईल. मुलाने स्वतः आकडे मांडले आणि मग म्हणाला, "म्हणजे एनर्जीवालं उत्तर जंप नसतानाचं आहे." हेच वाक्य मी टिपणात तसंच घेतलं.

त्याच तासाला दुसरा प्रश्न आला: आयर्विन पुलापाशी पुराचं एवढं पाणी असतं, मग कृष्णेत तिथे जंप का दिसत नाही? तिथे खोली भरपूर आणि तिच्या मानाने वेग कमी, म्हणजे फ्रूड संख्या १ पेक्षा कमी. सूत्रात Fr1 = 1 घाला, r = 1 येतो, उडीच नाही. १ पेक्षा कमी घातली तर r एकपेक्षा लहान येतो, म्हणजे पाणी आपोआप खाली उतरलं असं सूत्र म्हणेल. ते का होऊ शकत नाही हे ΔE च्या ओळीत दिसणार आहे.

१७ जुलै

ΔE = 2.98. स्लाइडवर सूत्रसुद्धा नाही, नुसता आकडा.

सरळ मार्ग असा: दोन्ही बाजूंची ऊर्जा काढा आणि वजा करा. E1 = ०.३० + ५.०९७ = ५.३९७. E2 = २.३२८ + ०.०८५ = २.४१२. वजाबाकी २.९८. इथे कसलंच बीजगणित लागत नाही. पण पुस्तकात एक देखणं सूत्र असतं आणि ते कुठून येतं हे कुणी दाखवत नाही. ते सगळं १२ तारखेच्या त्या समान वागवणाऱ्या समीकरणातून येतं:

```
ΔE = (y1 − y2) + (q²/2g)(1/y1² − 1/y2²)

q²/2g = y1·y2·(y1 + y2)/4

1/y1² − 1/y2² = (y2 − y1)(y2 + y1)/(y1²·y2²)
```

दुसरी आणि तिसरी ओळ गुणली की y1·y2 चा एक घात कटतो आणि (y1 + y2) चा वर्ग होतो:

```
ΔE = (y2 − y1)·[ (y1 + y2)²/(4·y1·y2) − 1 ]
   = (y2 − y1)·[ (y1 + y2)² − 4·y1·y2 ]/(4·y1·y2)
   = (y2 − y1)³/(4·y1·y2)
```

शेवटच्या पायरीत बेरजेच्या वर्गातून चारपट गुणाकार वजा केला की वजाबाकीचा वर्ग होतो. हे आठवी-नववीत शिकलेलं सूत्र आहे, पण इथे ओळखू येत नाही, कारण अक्षरं a आणि b नाहीत.

आता परवाच्या प्रश्नाचं उत्तर. खाली सगळं धन आहे, वर घन आहे. y2 लहान असेल तर घन उणे, म्हणजे पाण्याने घुसळणीतून ऊर्जा कमावली असा अर्थ होईल. तसं होत नाही. म्हणून उडी नेहमी वरच. वजाबाकीच्या सरळ मार्गाने आकडा मिळाला असता, हे दिसलं नसतं. म्हणूनच हे बीजगणित भरून काढण्यात माझे दोन तास सार्थकी लागले असं मला वाटतं.

१८ जुलै

आकडे जुळवण्याचा दिवस. एका मुलीने सूत्रात स्लाइडवरचे आकडे जसेच्या तसे घातले, ०.३० आणि २.३३. तिला २.९९ आलं, २.९८ नाही. तिने तीनदा करून पाहिलं आणि आपलंच चुकतंय असं समजून ती खोडत बसली होती. तिचं काही चुकलं नव्हतं.

घन सूत्र वापरताना एक अट मुकाट्याने गृहीत धरलेली असते: y1 आणि y2 ही जोडी संवेगाच्या समीकरणात तंतोतंत बसते. २.३२८ च्या जागी २.३३ घातलं की ती अट किंचित मोडते आणि घनामुळे तो फरक वाढतो. उलट E1 वजा E2 हा मार्ग कुठल्याही जोडीला लागू आहे. त्यात २.३३ घातलं तरी २.९८ येतं.

शेवटच्या ओळीतही तेच. शक्ती म्हणजे ९.८१ गुणिले ३० गुणिले ΔE. त्यात छापलेलं २.९८ घातलं तर ८७७ किलोवॅट येतात, स्लाइडवर ८७८ आहेत. न गोल केलेलं २.९८४५ घातलं तर ८७८.३. म्हणजे स्लाइड करणाऱ्याने कॅल्क्युलेटरवरचा पूर्ण आकडा पुढे नेला असावा. अर्थात २.३३ घेऊन वजाबाकीच्या मार्गाने गेलं तरी ८७७.७, म्हणजे गोल करून ८७८ च येतात. तेव्हा दोन्हींपैकी कुठला मार्ग त्यांनी घेतला हे आकड्यांवरून ठरत नाही. एवढं मात्र ठरतं की २.३३ घालून घन सूत्र त्यांनी वापरलेलं नाही, तसं केलं असतं तर ८८० च्या वर आलं असतं.

टिपणात आता प्रत्येक मधला आकडा चार सार्थ अंकांत दिला आहे आणि गोल फक्त उत्तरात केलं आहे. दशांशाच्या दुसऱ्या अंकातल्या फरकासाठी पोराने आपली बरोबर रीत खोडावी, हे मला मान्य नाही.

२२ जुलै

प्रयोगशाळेत ३० सेंमी रुंदीच्या फ्लूममध्ये जंप बसवली. लॅबमधल्या मामांचा हात यात इतका बसलेला आहे की शेवटचं गेट किंचित वरखाली करून ते जंप हवी तिथे उभी करतात. प्रवाह ९ लिटर प्रति सेकंद, म्हणजे q = ०.०३. पॉइंट गेजने y1 = २.० सेंमी आणि y2 = ८.३ सेंमी.

सूत्राने y2 येतो ८.६३ सेंमी. मोजलेला कमी आहे. मुलांचा पहिला कल "सूत्र चुकलं" किंवा "मापन चुकलं" यांपैकी एक निवडण्याकडे. त्याऐवजी y1 मध्ये एका मिलिमीटरचा फरक धरून पाहिला: २.० च्या जागी २.१ सेंमी. सूत्राचा y2 लगेच ८.३६ वर आला. धावत्या पाण्याचा पृष्ठभाग थरथरत असतो, त्यावर सुईचं टोक नेमकं टेकवताना एक मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतो. शिवाय तळाचं घर्षण आपण सोडून दिलं आहे. ते पाण्याला अडवायला मदत करतं, त्यामुळे खरा y2 सूत्रापेक्षा थोडा कमीच लागतो. दोन्ही कारणं एकाच दिशेने जाऊ शकतात, म्हणून या एका मापनावरून त्यांची विभागणी करता येत नाही.

इथली फ्रूड संख्या ३.४ च्या आसपास आहे. २.५ ते ४.५ च्या पट्ट्यात जंप अस्थिर असते, पाण्याची धार कधी तळाशी तर कधी वर जाते आणि लाटा लांबवर पसरतात. y2 वाचतानाही त्यामुळे सुई नाचते. स्लाइडमधली ५.८३ मात्र ४.५ ते ९ च्या स्थिर पट्ट्यात आहे. तिथे आलेल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून जास्त जाते: ५.४० मधले २.९८.

मामांनी गेट थोडं जास्त उघडलं, पुढचं पाणी उतरलं आणि जंप घसरत फ्लूमच्या टोकाकडे गेली. बंधाऱ्याखाली हेच झालं तर जंप ॲप्रन सोडून मातीच्या पात्रावर जाते आणि तळ खणून काढते. y2 = २.३३ हा आकडा याचसाठी काढायचा असतो: पात्रातलं पाणी त्या खोलीला पोचतं की नाही हे पाहण्यासाठी.

२५ जुलै

म्हैसाळ भागातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "आमच्याकडचा कालवा चौकोनी नाही, बाजू उतरत्या आहेत. तिथं हे सूत्र चालतंय का?" चालत नाही. r चं वर्गसमीकरण केवळ आयताकृती छेदासाठी आहे. समलंब छेदात दाब आणि क्षेत्रफळ दोन्ही बदलतात. बाजूंचा उतार १:१ असेल तर दोन्ही टोकांना सारखी असायला हवी ती राशी अशी:

```
M = b·y²/2 + y³/3 + Q²/(g·A),   A = y(b + y)
```

M(y1) = M(y2) यातून (y1 − y2) इथेही बाहेर काढता येतो, पण मागे चौथ्या घाताचं समीकरण उरतं आणि आटोपशीर सूत्र हाती लागत नाही. इथे आकड्यांनीच सोडवावं लागतं. तळाची रुंदी १० मीटर, प्रवाह तोच ३०, y1 तोच ०.३० धरून स्प्रेडशीटमध्ये मांडलं: M1 = ३०.१५. मग y2 = २.१५ ला M येतो २९.९४, आणि २.१६ ला ३०.१८. म्हणजे उत्तर २.१६ मीटर. आयताकृतीपेक्षा १७ सेंमी कमी, कारण वर जाताना पाण्याला पसरायला जागा मिळते.

अंदाजापासून सुरू करून उत्तर शोधणाऱ्या स्प्रेडशीटच्या Goal Seek सोयीने, म्हणजे गोल सीकने, करताना विद्यार्थ्याला उत्तर ०.३० आलं. सुरुवातीचा अंदाज त्याने ०.३५ दिला होता. हे तेच उत्तर, जे १२ तारखेला आपण (y1 − y2) ने भागून बाजूला केलं होतं. हाताने करताना भागाकाराने ते जातं, यंत्राला ते वगळायला कुणी सांगितलेलं नसतं. उपाय असा की सुरुवात क्रांतिक खोलीच्या, म्हणजे धावतं आणि संथ पाणी यांच्या सीमेवरच्या खोलीच्या, वरून करायची. या कालव्यात ती सुमारे ०.९४ मीटर येते. अंदाज २ मीटर दिला आणि उत्तर थेट २.१६ वर आलं.

टिपणाच्या समलंब भागात आता तीन गोष्टी आहेत: M चं सूत्र, क्रांतिक खोली काढायची ओळ, आणि गोल सीकचा अंदाज तिच्या वर ठेवण्याची सूचना. पुढची स्लाइड उतरत्या तळावरच्या जंपची आहे. तिथे पाण्याच्या वजनाचा उताराच्या दिशेचा भाग संवेगाच्या समीकरणात येतो आणि त्यासाठी जंपची लांबी आधी धरावी लागते. स्लाइडवर ती लांबी कुठून घेतली ते सोमवारी शोधायचं आहे.